पंपाने दिलं, शरीराला मिळालं का?

इन्सुलिन पंप वापरणाऱ्या टाइप १ मधुमेही माणसाच्या अंगात लांब पल्ल्याचं इन्सुलिन मुळीच नसतं. पंपाविषयी बोलताना ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी, कारण पंपाची सोय आणि पंपाचा धोका, दोन्ही तिच्यातूनच येतात.

इंजेक्शनं घेणारा माणूस साधारणपणे दोन प्रकारचं इन्सुलिन वापरतो. दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन चोवीस तास हळूहळू रक्तात उतरत राहतं, आणि प्रत्येक जेवणाआधी घ्यायचं जलद इन्सुलिन तेवढ्या जेवणापुरतं काम करतं. पंपात मात्र एकच इन्सुलिन भरतात, तेही जलद: लिस्प्रो, अस्पार्ट किंवा ग्लुलिसिन. त्वचेखाली गेल्यावर ते दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं, तासा-दीड तासात त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि चार-पाच तासांत ते संपतं. मग चोवीस तासांची गरज कशी भागते? पंप ते दर काही मिनिटांनी थेंबाच्याही अंशाने देत राहतो म्हणून. हे देणं थांबलं, तर काही तासांत शरीरात इन्सुलिनचा मागमूसही उरत नाही. म्हणून पंप काय देतो हे जितकं समजायला हवं, तितकंच ते पोचतंय की नाही हे ओळखताही यायला हवं.

बेसल: जेवण नसतानाचं इन्सुलिन

आपण दिवसभर काही खाल्लं नाही तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं. झोपेतही मेंदूला आणि हृदयाला इंधन लागतं, ते असं पुरवलं जातं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड त्याच वेळी थोडं थोडं इन्सुलिन सोडून या साखरेला आवर घालतं. हे पायाभूत इन्सुलिन म्हणजे बेसल. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले जॉन पिकअप, हॅरी कीन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नेमकी हीच कल्पना मांडली होती. छोट्या पंपाने त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडायचं आणि जेवणाच्या वेळी त्याचा वेग वाढवायचा. आजचे पंप खिशात मावतात, पण मूळ तत्त्व तेच आहे.

पंपाच्या आत एक छोटी मोटर असते. ती एक आट्यांचा दांडा अगदी किंचित फिरवते. दांडा इन्सुलिनच्या कुपीचा दट्ट्या पुढे ढकलतो, कुपीतलं इन्सुलिन बारीक नळीत जातं आणि नळीच्या टोकाला असलेल्या कॅन्युलातून त्वचेखालच्या चरबीत उतरतं. कॅन्युला म्हणजे सहा किंवा नऊ मिलिमीटर लांबीची मऊ प्लॅस्टिकची नळी. काही सेटमध्ये तिच्या जागी बारीक पोलादी सुई असते. नळी, कॅन्युला आणि ती अंगाला चिकटवणारी पट्टी मिळून जे होतं, त्याला इन्फ्युजन सेट म्हणतात. बोलताना सगळे नुसतं ‘सेट’ म्हणतात.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. अकरावीत शिकणारी एक मुलगी आहे. तिला दिवसाला एकूण सुमारे ४० युनिट इन्सुलिन लागतं. तिच्या पंपात डॉक्टरांनी बेसलचे तीन टप्पे बसवले आहेत. मध्यरात्री १२ ते ३ तासाला ०.६ युनिट, पहाटे ३ ते सकाळी ८ तासाला ०.९५ युनिट आणि सकाळी ८ पासून मध्यरात्रीपर्यंत तासाला ०.७ युनिट. सगळं मिळून दिवसाला पावणेअठरा युनिट होतात. पहाटेचा दर जास्त का? कारण त्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक यांचा जोर असतो आणि साखर न खाताही चढते. किशोरवयात हे अधिकच जाणवतं. लांब पल्ल्याच्या इंजेक्शनात पहाटेपुरती वाढ करता येत नाही, पंपात येते.

हे प्रमाण किती बारीक आहे ते पाहा. पंपातल्या इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. तासाला ०.७ युनिट द्यायचं आणि पंप एका वेळी ०.०५ युनिट सोडत असेल, तर साधारण दर चार मिनिटांनी एक मात्रा जाते. ०.०५ युनिट म्हणजे मिलिलिटरचा दोन हजारावा भाग. इतक्या कमी इन्सुलिनची नळीत गळती झाली, तर ती डोळ्याला दिसतही नाही.

बोलस: जेवणाचं आणि दुरुस्तीचं

जेवणासाठी किंवा चढलेली साखर खाली आणण्यासाठी बटण दाबून जी मात्रा द्यायची, ती बोलस. तिचा हिशेब पंप स्वतः मांडतो, पण त्यासाठी लागणारे आकडे डॉक्टरांनी आधी पंपात भरलेले असावे लागतात. आपल्या मुलीचे आकडे असे आहेत. १२ ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट. १ युनिटने तिची साखर सुमारे ५० अंकांनी उतरते. साखरेचं लक्ष्य ११०. आणि दिलेलं इन्सुलिन चार तास काम करतं.

दुपारी जेवताना तिच्या ताटात दोन पोळ्या, थोडा भात आणि आमटी आहे. सगळं मिळून साधारण ७२ ग्रॅम कर्बोदकं होतात, त्यांना ६ युनिट हवेत. जेवणाआधी साखर १६० आहे, म्हणजे लक्ष्यापेक्षा ५० जास्त. त्यासाठी दुरुस्तीचं १ युनिट. पण अकराला डबा खाताना तिने घेतलेल्या बोलसपैकी ०.४ युनिट अजून काम करतंय, असं पंपाच्या हिशेबात आहे. ते दुरुस्तीतून वजा होतं. ६ अधिक ०.६, एकूण ६.६ युनिट. पंप हा आकडा दाखवतो, ती मान्य करते आणि इन्सुलिन आत जातं. जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी ते घेतलं तर उत्तम, कारण पोळी पचून साखर रक्तात येते तेव्हा इन्सुलिन तिथे हजर असायला हवं.

पुरणपोळी आणि वर तूप असं जेवण असेल तर गणित थोडं बदलतं. तुपामुळे पचन लांबतं आणि साखर तीन-चार तास चढत राहते. अशा वेळी बोलसचा काही भाग लगेच आणि उरलेला पुढच्या दोन-तीन तासांत पसरून देण्याची सोय पंपात असते. किती भाग लगेच द्यायचा, हे प्रत्येकाने जेवणानंतरची साखर तपासत आणि डॉक्टरांशी बोलत ठरवावं लागतं.

या हिशेबातली एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती म्हणजे वजा होणारं इन्सुलिन. आधीच्या मात्रेवर पुन्हा मात्रा चढून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू नये, म्हणून ही वजाबाकी केलेली असते. ती एरवी माणसाचं रक्षण करते. सेट बिघडल्यावर मात्र हीच वजाबाकी दिशाभूल करते.

पंपाला काय कळत नाही

पंप मोजतो ते फक्त त्याने ढकललेलं इन्सुलिन. शेतातल्या ठिबकची मोटर किती तास चालली, यावरून झाडाच्या मुळाला पाणी पोचलं की नाही ते कळत नाही. नळी कुठे निसटली असेल तर मोटर चालतच राहते. पंपाचंही तसंच आहे. पडद्यावर ‘६.६ युनिट दिले’ असं दिसतं, त्याचा अर्थ दट्ट्या तेवढा पुढे सरकला, इतकाच.

मग पंपातल्या धोक्याच्या सूचनेचं काय? अडथळ्याची सूचना असते, पण ती दाबावर अवलंबून असते. कॅन्युला दुमडली किंवा नळीला पीळ पडला की इन्सुलिन पुढे जात नाही, नळीत दाब वाढतो आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पंप ओरडतो. ती मर्यादा गाठायला बऱ्याच पंपांत दोन-तीन युनिट अडकावे लागतात. जेवणाचा बोलस देत असाल तर सूचना काही मिनिटांत येते. पण रात्री तासाला ०.६ युनिट जात असेल, तर तेवढं साचायला तीन ते पाच तास लागू शकतात. लहान मुलांचा बेसल याहूनही कमी असतो, म्हणून त्यांच्यात हा वेळ आणखी लांबतो.

गळतीत तर सूचना येतच नाही. कॅन्युला अर्धवट बाहेर आली, कुपीचा जोड नीट बसला नाही किंवा त्वचेच्या आतून इन्सुलिन कॅन्युलाच्या कडेने उलटं बाहेर झिरपलं, तर दाब वाढत नाही. पंपाच्या लेखी सगळं सुरळीत असतं. तिथे पडद्याऐवजी त्वचेकडे आणि साखरेकडे बघावं लागतं.

एका रात्रीचा हिशेब

आता आपल्या मुलीची एक संध्याकाळ घेऊ. सात वाजता क्लासहून घामेजून आल्यावर तिने पोटावर नवा सेट लावला. साखर १४० होती. साडेआठला जेवली आणि ६ युनिटचा बोलस घेतला. घामाने ओलसर त्वचेवर पट्टी नीट चिकटली नव्हती, त्यात जीन्सच्या कमरपट्टीत नळी अडकून ओढली गेली आणि कॅन्युला बरीचशी बाहेर आली. थोडं इन्सुलिन आत गेलं, बाकीचं पट्टीखाली झिरपलं. पंप गप्प होता.

साडेदहाला साखर २७०. पंपाने दुरुस्तीचा हिशेब केला. २७० मधून ११० गेले, उरले १६०, म्हणजे ३.२ युनिट हवेत. पण दोन तासांपूर्वीच्या ६ युनिटपैकी २.८ युनिट अजून काम करतायत, असं त्याला वाटतं. म्हणून तो सुचवतो फक्त ०.४ युनिट. हे अर्ध्याहूनही कमी युनिट ती बटण दाबून देते, तेही पट्टीखालीच जातं, आणि ती झोपते. अशा रात्रीची सकाळ साडेतीनशे-चारशेच्या साखरेने, कोरड्या तोंडाने आणि मळमळीने उजाडते. साखर आपोआप सांभाळणारा पंप असेल, तर तो चढती साखर बघून रात्रभर आणखी इन्सुलिन ढकलत राहतो आणि तेही त्याच ओल्या पट्टीखाली जातं.

या दरम्यान शरीरात काय चालतं? इन्सुलिन नसल्याने पेशींना साखर वापरता येत नाही. शरीर चरबी जाळायला लागतं आणि यकृतात कीटोन तयार होतात. ते आम्ल आहेत. इंजेक्शनवाल्या माणसाच्या अंगात लांब पल्ल्याचं इन्सुलिन थोडंतरी असतं, ते कीटोनना थोपवून धरतं. पंपावरच्या माणसाकडे तो आधार नसतो. म्हणून इन्सुलिन तुटल्यापासून दोन-चार तासांत रक्तातले कीटोन वाढू लागतात आणि एका रात्रीत डायबेटिक कीटोअॅसिडोसिसपर्यंत मजल जाऊ शकते.

आता तीच साडेदहाची वेळ, पण योग्य क्रमाने.

२७० ही साखर तिच्या जेवणाशी जुळत नव्हती. असं न जुळणारं २५० च्या वरचं वाचन आलं की पहिला संशय सेटवर घ्यायचा. तिच्या आईने पट्टीवर बोट टेकवलं, ते ओलं लागलं. बोटाला फिनेलसारखा उग्र वास आला. इन्सुलिनमध्ये टिकवण्यासाठी जी द्रव्यं घालतात, त्यांचा तो वास असतो. सेट सुटलाय हे एवढ्यावरूनच कळलं. पट्टी कोरडी असती तरी पुढची पायरी तीच होती: कीटोन मोजणं.

कीटोन बोटातल्या रक्तावर मोजता येतात, त्यासाठी वेगळी पट्टी आणि ती वाचणारा मीटर लागतो. लघवीच्या पट्ट्या स्वस्त आहेत आणि मेडिकलच्या दुकानात मिळतात, पण त्या काही तास मागची स्थिती दाखवतात. रक्तात ०.६ पेक्षा कमी कीटोन म्हणजे ठीक. ०.६ ते १.५ म्हणजे इन्सुलिन तुटलंय, आत्ताच हालचाल करा. १.५ च्या वर गेले तर पेनने इन्सुलिन घेऊन लगेच डॉक्टरांना फोन. ३ च्या वर, किंवा कितीही कीटोन असताना उलट्या होत असतील, तर थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग.

तिचे कीटोन ०.९ आले. आता पहिलं इन्सुलिन पंपाने द्यायचं नाही, ते पेनने किंवा सिरिंजने द्यायचं. ज्या वाटेने इन्सुलिन पोचत नाहीये, त्याच वाटेने आणखी पाठवण्यात अर्थ नाही. नवा सेट बसवून त्यातून देण्याचीही घाई करायची नाही, कारण नवा सेटही नीट बसला नसेल तर आणखी दोन तास गेले. पेनचं इन्सुलिन मात्र नक्की आत गेलं हे माहीत असतं. मात्रा किती, हे डॉक्टरांनी आधीच कागदावर लिहून दिलेलं असावं. या मुलीच्या कागदावर कीटोन थोडे वाढलेले असताना दिवसाच्या एकूण इन्सुलिनच्या दहा टक्के असं होतं, म्हणून तिने पेनने ४ युनिट घेतले. पंपाचा ०.४ चा सल्ला तिने बाजूला ठेवला, कारण त्याची वजाबाकी न पोचलेल्या इन्सुलिनची होती.

मग जुना सेट काढला. मऊ कॅन्युला हातात घेऊन पाहिली: दुमडली आहे का, टोकाला रक्त आहे का. कारण कळलं तर पुढच्या वेळी उपयोग होतो. नवी कुपी भरली, नळी अंगाला न जोडता टोकाला थेंब येईपर्यंत भरून घेतली. इथे एक नियम कधीही मोडायचा नाही: नळी भरताना ती शरीराला जोडलेली नको, नाहीतर दहा-पंधरा युनिट एकदम अंगात जाऊ शकतात. त्वचा स्वच्छ आणि कोरडी करून नव्या जागी सेट लावला आणि कॅन्युलामधली रिकामी जागा भरणारं ०.३ युनिट दिलं. नऊ मिलिमीटरची कॅन्युला असती तर ०.५ लागलं असतं. पोलादी सुईला काहीच लागत नाही. बेसल पुन्हा सुरू झाला. ती भरपूर पाणी प्यायली.

आता पेनचे ४ युनिट पंपाला माहीत नाहीत. त्याच्या हिशेबात ते कुठेच नाहीत, म्हणून पुढचे तीन-चार तास तो सुचवेल त्या दुरुस्तीवर डोळे झाकून विसंबायचं नाही. साखर आपोआप सांभाळणारा पंप असेल तर तेवढा वेळ ती सोय बंद ठेवून साधा बेसल चालू ठेवावा, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. शिवाय जेवणाचा थोडा बोलस आत गेलाच होता, तो किती हे कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे साखर जास्त उतरण्याचीही शक्यता असते. तिने बारा वाजता साखर पाहिली, २४५, कीटोन ०.७. दोन वाजता साखर १८०, कीटोन ०.३. दोन्ही उतरतायत हे बघूनच घर झोपलं.

साडेदहाला कीटोन ०.६ च्या आत असते आणि पट्टी कोरडी असती, तर पंपानेच एकदा दुरुस्तीची मात्रा देऊन तासाभराने पुन्हा मोजायला हरकत नव्हती. तासानंतर साखर उतरली नाही, तर संशय संपला असं धरून पेन आणि नवा सेट. एकाच सेटवर दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा नाही.

अडथळ्याची सूचना आली तर एक फरक आहे. तेव्हा नळी आधी अंगापासून सोडवायची आणि मग पीळ किंवा अडथळा शोधायचा. नळीत साचलेलं इन्सुलिन दाबाखाली असतं. अडथळा अचानक सुटला तर ते सगळं एकदम आत जातं आणि साखर कोसळू शकते.

सिरिंजचा लाल आणि नारंगी रंग

आपल्याकडे या सगळ्यात एक जास्तीचा धोका आहे आणि तो घरोघरी सापडतो. भारतात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कितीतरी इन्सुलिन बाटल्या अजून ४० ताकदीच्या, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. त्यांच्या सिरिंजचं टोपण लाल असतं. पंपात मात्र १०० ताकदीचं इन्सुलिन असतं आणि त्याच्या सिरिंजचं टोपण नारंगी असतं. पंप बंद पडला म्हणून कोणी आजोबांच्या लाल टोपणाच्या सिरिंजने पंपाचं इन्सुलिन ‘४ युनिट’च्या खुणेपर्यंत ओढलं, तर प्रत्यक्षात १० युनिट अंगात जातात. मध्यरात्रीच्या घाईत ही चूक जिवावर बेतू शकते. म्हणून पंप वापरणाऱ्याच्या डब्यात जलद इन्सुलिनचं पेन ठेवणं सगळ्यात सुरक्षित. सिरिंजच ठेवायची असेल, तर फक्त नारंगी टोपणाची ठेवायची.

डब्यात आणखी काय हवं? एक जादा सेट आणि कुपी, कीटोनच्या पट्ट्या, पेनच्या सुया आणि साखर उतरली तर ग्लुकोजची पावडर. हे घराबाहेरही बरोबर न्यायचं. घरच्या फ्रीजमध्ये लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचं एक पेन असावं आणि पंप पूर्ण बंद पडला तर ते किती घ्यायचं, तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घेतलेला असावा. नवा पंप यायला दोन दिवस लागले तर ते दोन दिवस त्यावर निघतात.

सेट का फसतो

सगळे सेट नशिबाने फसत नाहीत. सगळ्यात सामान्य कारण म्हणजे तो मुदतीपेक्षा जास्त दिवस ठेवणं. मऊ कॅन्युलाचा सेट दोन ते तीन दिवसांनी बदलायचा असतो, पोलादी सुईचा दोन दिवसांनी. सेट महाग पडतात, म्हणून अनेक घरांत तो पाच-सहा दिवस चालवला जातो. तिसऱ्या दिवसानंतर त्या जागी सूज येऊ लागते आणि इन्सुलिन शोषलं जाण्याचा भरवसा राहत नाही. साखर दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना चढत असेल, तर बेसल वाढवण्याआधी सेट कधी बदलला ती तारीख बघावी. डॉक्टरांकडे जाताना ही तारखांची नोंद बरोबर न्यावी, कारण पंपाच्या नोंदीत ‘दिलं’ एवढंच असतं.

दुसरं कारण जागेचं. एकाच जागी वारंवार सेट लावल्याने त्वचेखाली चरबीची गाठ बनते. ती जागा दुखत नाही, म्हणून मुलं तीच पसंत करतात, पण तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. हाताने चाचपून बघावं. घट्ट, रबरासारखं लागलं तर ती जागा काही महिने सोडून द्यावी. प्रत्येक नवा सेट आधीच्या जागेपासून दोन-तीन बोटं दूर आणि बेंबीपासून पाच सेंटिमीटर लांब असावा. ज्यांची मऊ कॅन्युला पुन्हा पुन्हा दुमडते, त्यांनी पोलादी सुईचा सेट वापरून बघण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.

तिसरं कारण नळीतली हवा. फ्रीजमधून काढलेलं थंड इन्सुलिन लगेच कुपीत भरलं तर ते अंगाच्या उबेने तापताना त्यातून बुडबुडे सुटतात. बुडबुडा अंगात गेल्याने अपाय होत नाही, पण नळीचा तेवढा भाग इन्सुलिनशिवाय जातो. म्हणून बाटली तासभर आधी बाहेर काढून ठेवावी. उन्हाळ्यात नेमकी उलटी काळजी. ३७ अंशांच्या वर तापलेल्या इन्सुलिनची ताकद कमी होते, आणि चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी बाहेर असलेल्या माणसाच्या पंपातलं इन्सुलिन सहज त्याच्या वर जातं. असं इन्सुलिन ओळखायला काही खूण नसते. सेट ठीक असूनही साखर चढती असेल तर कुपीही नवी भरावी.

आणि सेट बदलण्याची वेळ. झोपायच्या आधी सेट बदलू नये. सकाळी किंवा जेवणाआधी बदलला, तर पुढचे दोन-तीन तास जागेपणी साखर बघता येते आणि तो बसलाय की नाही ते त्या दिवशीच कळतं. आपल्या मुलीने सात वाजता सेट बदलला होता आणि साडेदहाला साखर तपासली होती. एवढ्यामुळेच तिची गळती ०.९ कीटोनवर सापडली. ती न तपासता झोपली असती, तर तोच सेट सकाळी सलाईन आणि आयसीयूपर्यंत घेऊन गेला असता. आणि सकाळच्या उलट्यांना ‘काहीतरी बाधलं’ असं म्हणून घरच्यांनी आणखी दोन तास घालवले असते. म्हणून पंपावरच्या माणसाला उलटी झाली, तर आधी साखर आणि कीटोन मोजायचे. पोट बिघडलं असेल का, तो विचार नंतरचा. साखर फार चढलेली नसली तरी कीटोन वाढलेले असू शकतात, म्हणून फक्त ग्लुकोमीटरचा आकडा पाहून थांबायचं नाही.

आपत्कालीन विभागात गेल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं: टाइप १ आहे, पंपावर आहे, अंगात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नाही, कीटोन इतके आले. शाळेतल्या बाईंकडे, वसतिगृहाच्या वॉर्डनकडे आणि घरात आजी-आजोबांकडे हेच चार मुद्दे एका कागदावर लिहून दिलेले असावेत. त्याखाली पेनने किती युनिट द्यायचे, तो डॉक्टरांनी दिलेला आकडाही हवा. मुलाचं वजन किंवा दिवसाचं इन्सुलिन बदललं, की तो आकडा डॉक्टरांकडून पुन्हा घेऊन कागद नव्याने लिहावा.